दीड पाव (लघुकथा) – आणि बाजार जाणणाऱ्यांची मदत हवी

सांजवेळ

बऱ्याच दिवसांनी कथा लिहिली आहे. पुण्याची मंडई, १९८३ साल, चौथीतली मुलगी. भाषेबद्दल बोलाच, पण त्याआधी हिशेब आणि बाजार पटतो का ते सांगा. मी लहानपणी मंडईत गेले ते आईचा पदर धरून, त्यामुळे एकटीनं जाणं हे सगळं कल्पनेतलं आहे.

*दीड पाव*

धाकट्याचा ताप उतरेना आणि आईला त्याच्या उशापासून हलता येईना, म्हणून सुमीला मंडईत जायला मिळालं. आईनं कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे यादी लिहिली. बटाटे १ किलो. वांगी अर्धा किलो, लहान, काटेरी. टोमॅटो पाव किलो. मेथी १ जुडी. हिरवा मसाला चार आण्याचा. पाच रुपयांची नोट घडी घालून फ्रॉकच्या खिशात ठेवली आणि खिशाला आतून सेफ्टीपिन लावली.

"बटाटे आधी घे, खाली राहतील. वांग्याला भोक नाही ना ते बघ. आणि पैसे देताना पिशवी खाली ठेवू नकोस."

"मावशीनं भाव जास्त सांगितला तर?"

"नाही सांगणार. मी परवाच आणलीत."

शनिपारापर्यंत ती पळत गेली. पुढे गर्दी होती, म्हणून चालत. मंडईच्या दगडी इमारतीत शिरल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की आईबरोबर येताना आपण नेहमी लोकांच्या पाठी बघत असतो. आज समोर ओटे होते आणि ओट्यांवर भाजीच्या उतरंडी. त्यांच्याही वर, देवळातल्या मूर्तीसारख्या बसलेल्या बायका. तराजू त्यांच्या हाताशी. खालून नुसता पारड्याचा तळ दिसे.

बटाटे दोन रुपयांना किलो आले. पिन काढताना बोट टोचलं. नोट मोडली, तीन रुपये परत आले.

वांग्यांपाशी मात्र तिला पुढे सरकताच येईना. एवढी माणसं वांगी का घेत होती कोण जाणे. ती कोपरांमधून पुढे झाली.

"मावशी, लहान वांगी कशी?"

"रुपया पाव."

परवा बारा आणे होती. आईच्या हिशेबात अर्ध्या किलोचे दीड रुपये होते, आणि हे दोन होत होते. सुमीनं खालच्या ओळींवरून बोट फिरवलं. टोमॅटो बारा आणे, मेथी आठ आणे, मसाला चार आणे. त्यातलं काही सोडलं तर आई म्हणेल, का सोडलं. पाव किलोच घेतली तर रात्री पुरणार नाहीत.

"परवा बारा आणे होती."

"आज चंपाषष्ठी हाय पोरी. देवाला वांगी लागत्यात. उद्या ये, उद्या बारा आण्याला देते."

मागून कुणीतरी म्हणालं, ए, घ्यायची तर घे. सुमी मनात आजोबांच्या खाटेपाशी जाऊन आली. संध्याकाळी परवचा झाला की आजोबा दिडकी म्हणून घेत. शाळेत कुणालाच दिडकी येत नव्हती आणि बाई कधी विचारतही नव्हत्या.

"दीड पाव द्या," ती म्हणाली.

बाईचा हात हवेत राहिला. "किती?"

"दीड पाव. दीड रुपया."

बाई हसली नाही. तिनं दोनशेचं वजन टाकलं, शंभराचं टाकलं, पन्नासचं टाकलं. चौथ्यासाठी पाटीत हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला. वांगी चढली, पारडं झुकलं. मग पाटीतलं एक वांगं उचलून तिनं न तोलताच सुमीच्या पिशवीत टाकलं.

टोमॅटो, मेथी, मसाला. परतताना पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात आणि दुसऱ्यातून डोक्यावर गेली. रुमालाच्या गाठीत दहा पैसे होते.

आईनं पिशवी परातीत उपडी केली. वांगी मोजली. आठ. पुन्हा मोजली. सुमी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"रुपया पाव होती," ती म्हणाली. "चंपाषष्ठी आहे."

आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग बटाट्यांमधले दोन लहान निवडले, सोलले, आणि वांग्यांना दिली तशीच त्यांना चार चिरा देऊन मसाला भरला.

रात्री बाबा, आजोबा आणि काकांच्या ताटात दोन दोन वांगी पडली. सुमीच्या ताटात एक वांगं आणि एक बटाटा. आईच्याही.

---

निमकी

आवडली. शेवटी बटाटा भरला हे फार छान. आमच्याकडे भरल्या वांग्यात बटाटे नेहमीच असतात, ते कमी पडलेल्या वांग्यांमुळे आले असतील असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

परशा

कथा ठीक आहे, पण चौथीतली मुलगी एवढा हिशेब करेल? दीड पाव कोण मागतं? पाव मागतात, अर्धा किलो मागतात. मला ते लेखिकेनं तिच्या तोंडी घातल्यासारखं वाटलं.

आणि एक माहिती: पाव म्हणजे पावशेर, म्हणजे बरोबर २५० ग्रॅम. त्यामुळे दीड पाव म्हणजे ३७५. तुमच्या बाईनं २०० + १०० + ५० टाकले, ते झाले ३५०. म्हणजे तिनं मुलीला २५ ग्रॅमला फसवलं. मग नंतर एक वांगं कशाला दिलं? आधी फसवायचं आणि मग उपकार करायचे, हे पात्र जुळत नाही.

तागडी

परशा, २५ ग्रॅम बरोबर पकडलेत, पण फसवणूक चुकीच्या जागी बघताय. माझ्या वडिलांचा भाजीचा गाळा होता (मंडईत नव्हे, दुसऱ्या गावी), आणि शाळेची सगळी वर्षं मी सुट्टीत तागडी धरली आहे. म्हणून जरा सविस्तर.

दशमान पद्धतीची वजनं एक-दोन-पाच अशा चढीनं असतात. ५०, १००, २००, ५०० ग्रॅम, मग १ किलो, २ किलो, ५ किलो. यात पाव किलोचं वजनच नाही. गिऱ्हाईक सगळ्यात जास्त मागतं ते पाव, आणि त्याचंच स्वतंत्र वजन नाही! त्यामुळे पावासाठी दर वेळी दोन वजनं टाकावी लागतात, दोनशे आणि पन्नास. खरी मारायची जागा ही. गर्दीत दोनशेचं टाकायचं आणि पन्नासचं 'राहून जायचं'. गिऱ्हाइकाला वजन पडल्याचा आवाज आलेला असतो, त्याचं समाधान होतं. पावामागे पन्नास ग्रॅम म्हणजे पाचवा हिस्सा गेला. माझी आई दुसऱ्याच्या गाळ्यावर गेली की नजर वांग्यांवर ठेवायची नाही, वजनांवर ठेवायची. आवाज दोन आले पाहिजेत.

आता दीड पाव. ३७५ तंतोतंत करायचं तर २००, १००, ५०, २० आणि ५ अशी पाच वजनं लागतात. वीस आणि पाचची वजनं भाजीवाल्याकडे नसतात, ती किराणा दुकानात. म्हणून ती तीन वजनं टाकते, चौथ्यासाठी हात घालते आणि रिकामा काढते. तिच्याकडे चौथं नाहीच. मग उरलेले २५ ग्रॅम वांग्यातच द्यायचे. लहान काटेरी वांगं चाळीस-पन्नास ग्रॅमचं असतं, अर्धं देता येत नाही, म्हणून पूर्ण दिलं. मुलीला थोडं जास्तच मिळालं. त्या बाईनं पोरीचा हिशेब मान्य केला, एवढंच. मला तर कथेतली सगळ्यात खरी जागा तीच वाटली. सांजवेळ, हे तुम्हाला माहीत होतं की योगायोग?

सांजवेळ

@तागडी, अर्धा योगायोग. पावाला दोन वजनं टाकतात हे आठवत होतं. चौथं वजन तिच्याकडे नसतं हे ठाऊक नव्हतं. मी हात रिकामा काढला तो नुसता "असू दे" या भावनेनं. आता तो परिच्छेद मलाच नव्यानं कळला.

तागडी

आणि परशा, पावशेर म्हणजे बरोबर २५० नव्हे. सरकारी शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. पावशेर झाला २३३च्या आसपास. साठीच्या सुरुवातीला किलो सक्तीचा झाला, शब्द तोच राहिला आणि वजन सतरा ग्रॅमनं वाढलं. वडील सांगायचे, जुनी गिऱ्हाइकं 'पावशेर' म्हणायची आणि २५० ग्रॅम घेऊन जायची. त्यात कुणाची तक्रार नव्हती.

परशा

शेराचं मान्य. आमच्या आजीकडे शेर म्हणजे धान्याचं माप होतं, पितळी, ते वजन नव्हतंच. त्यामुळे गोंधळलो.

पण चौथीतल्या मुलीचा मुद्दा सोडत नाही.

अनुराधा_क

सोडा हो परशा. ज्यांच्या घरी परवचा होता त्यांना यात काहीच विशेष वाटणार नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही सगळी याच कामासाठी होती. शेर-रुपये-आण्यांच्या बाजारात अपूर्णांकाशिवाय व्यवहारच नव्हता. १९५७ साली नवे पैसे आले तरी माझे वडील शेवटपर्यंत चार आणे, बारा आणेच म्हणत. आम्हाला शाळेत दिडकी नव्हती, घरी होती. मला 'साडेतीन दिडे' विचारलं तर अजून सव्वापाच आपोआप तोंडात येतं, विचार करावा लागत नाही.

उलट मला वाटतं, दिडकी आठवली म्हणून ती वाचली असं दाखवलंत ते जरा सरळसोट झालं. रुपया पाव असेल तर दीड रुपयाला दीड पाव, याला दिडकी कशाला? पाढा खरा कधी लागला असता? भाव रुपयाऐवजी नव्वद पैसे पाव असता तर. दीड पावाचे एक रुपया पस्तीस. तिथे दिडकी कामाला आली असती आणि परशांची शंकाही फिटली असती.

कोल्हापुरी_मिरची

आमच्याकडं असलं पाव-बिव न्हवतंच. आठवडी बाजारात वाटा. जमिनीवर पोतं अंथरलेलं, वांग्याचे वाटे, टोमॅटोचे वाटे. मला आईनं पयल्यांदा पाठवलं तवा दोन रुपये दिले होते आणि "वांगी आण" एवढंच सांगितलं होतं. मी एकाच बाईचे सगळे वाटे घेतले. चार. बाई खूश, मी खूश. घरी आल्यावर आईनं परत पाठवलं, दोन वाटे माघारी द्यायला. बाई घेईना. म्हटली, भवानीचा माल परत घेत न्हाईत. दोन दिस वांगी खाल्ली.

यादी असती तर हे झालं नसतं, पण आईला लिहायला येत न्हवतं.

डोंबिवली_फास्ट

धागा उघडला तो वेगळ्याच अपेक्षेनं. मला वाटलं, मुलांना एकटं बाजारात पाठवावं का अशी चर्चा आहे. मुलगा दहाचा आहे, गेल्या महिन्यात पहिल्यांदा खालच्या भाजीवाल्याकडे पाठवला. रोख नव्हती म्हणून माझा फोन दिला. तो अर्धा किलो भेंडी घेऊन आला, भाव विचारला तर म्हणाला, माहीत नाही, स्कॅन केलं. काट्यावर आकडा दिसतो, फोनवर आकडा दिसतो, पण किलोचा भाव त्यानं विचारलाच नाही. तर अशा वेळी तुम्ही काय करता?

निमकी

@डोंबिवली_फास्ट, रोख द्या आणि थोडी कमी द्या. कमी पडले की भाव विचारावाच लागतो. (हे मी कथेतूनच शिकले, अनुभव शून्य.)

डोंबिवली_फास्ट

कमी रोख द्यायची तर आधी सुटे शोधायला हवेत! असो, कथाही वाचली आता. बरी आहे.

शनिवारपेठी

जन्म मंडईच्या पाठीमागे गेला, म्हणून दोन शब्द. वातावरण बरोबर आहे. ओटे उंच, बाया वर बसलेल्या, आणि लहान मुलाला पारड्याचा तळच दिसतो हे अगदी खरं. मोठ्या माणसालाही काटा बघायला मान वर करावी लागते. इमारत १८८६ सालची, रे मार्केट म्हणून बांधलेली. उंची तेव्हा कुठल्या हिशेबानं ठरवली ते ठरवणाऱ्यालाच ठाऊक.

पण दोन हरकती. एक, मुरलेलं गिऱ्हाईक आधी एक रिकामी फेरी मारतं. काही घ्यायचं नाही, फक्त भाव विचारत जायचं. मग घ्यायला सुरुवात. सुमीनं तसं केलं असतं तर वांग्यांचा भाव बटाटे घेण्याआधीच कळला असता, आणि पाऊण किलो बटाटे घेऊन तिनं आठ आणे वाचवले असते. अर्धा किलो वांगी पूर्ण आली असती. आईनं यादी पिशवीच्या क्रमानं लिहिली, जड आधी. पैशांचा क्रम वेगळा असतो, ज्याचा भाव हलतो ते आधी विचारायचं. बटाट्याचा भाव दोन दिवसांत फारसा हलत नाही, वांग्याचा हलतो.

दुसरी हरकत चंपाषष्ठीची. खंडोबाचा नैवेद्य भरीत-रोडग्याचा. भरताला मोठं वांगं लागतं. लहान काटेरी वांग्याचा भाव कशाला चढेल?

अनुराधा_क

चढतो. आमच्याकडे चातुर्मासात वांगं, कांदा, लसूण बंद, ते चंपाषष्ठीला सुटतं. चार महिने न खाल्लेलं माणूस त्या दिवशी फक्त भरतावर थांबत नाही. माझी सासू नैवेद्याला भरीत करायची आणि घरच्यांसाठी वेगळी भाजीही.

शनिवारपेठी

चार महिने कुठले? चातुर्मास कार्तिकी एकादशीला संपतो. चंपाषष्ठी मार्गशीर्षात.

अनुराधा_क

कांदा-लसूण काहींकडे कार्तिकीला सुटतं, पण आमच्याकडे वांगं देवाला दाखवल्याशिवाय नाही. घराघराची रीत. कथेतल्या घरात तर आईला दिवसच आठवत नाही, म्हणजे त्यांच्याकडे ही रीत नसावी. म्हणून तर ती परवाच्या भावावर विसंबली. मला ते आवडलं.

तागडी

गाळ्यावरून सांगतो, मोठी वांगी संपली की लोक मिळतील ती घेतात. भाव सगळ्याच वांग्यांचा उठतो. पण चार आण्यांनी की दोन आण्यांनी, ते त्या दिवशीच्या आवकेवर. शनिवारपेठींशी भांडण नाही.

हिशेबनीस

कुणीच विचारत नाही म्हणून मी विचारतो. बटाटे २ रुपये. वांगी दीड. टोमॅटो पाऊण. मेथी अर्धा. मसाला पाव. बेरीज बरोबर ५ रुपये. मग रुमालाच्या गाठीत दहा पैसे कुठून आले?

परशा

अरे वा! हे खरंच.

निमकी

टोमॅटोवाल्यानं चुकून जास्त परत दिले असतील आणि ती बोलली नसेल. मला वाचताना तसंच वाटलं होतं. म्हणूनच ती दाराच्या चौकटीला टेकून उभी आहे, आत येत नाही.

कोल्हापुरी_मिरची

न्हाई, पोरगी तशी न्हाई. मसाला कमी घेतला असंल. पंधरा पैशाचा.

सांजवेळ

हिशेबनीस, पकडलंत. पहिल्या खर्ड्यात मेथीवालीचा प्रसंग होता. जुडी बारीक होती, सुमी ती हातात घेऊन नुसती उभी राहते, बोलत काहीच नाही, आणि मेथीवाली वैतागून चाळीस पैशांना देते. तो लांबला म्हणून कापला, दहा पैसे मात्र गाठीत राहून गेले. माझी चूक.

आता दोन रस्ते. दहा पैसे काढून टाकायचे, किंवा मेथीवाली परत आणायची. निमकींनी वाचलं तसं ठेवणं हा तिसरा, पण ते माझ्या मनात नव्हतं.

हिशेबनीस

काढा. पाचच्या पाच संपले हेच बरोबर. आईचा हिशेब तंतोतंत होता आणि तो मोडूनही मुलीनं तंतोतंत केला. दहा पैसे उरले की ते ढिलं पडतं.

निमकी

नका काढू. मेथीवालीही नको. लेखिकेच्या मनात काय होतं हे छापील पानावर कुठे असतं?

तागडी

मी मेथीवालीच्या बाजूचा. जुडी घेऊन नुसतं उभं राहणारं पोर आम्हाला सगळ्यात अवघड जायचं. मोठी माणसं घासाघीस करतात, त्याला उत्तर असतं. वडील म्हणायचे, "ते पोरगं बघतंय, देऊन टाक." तो प्रसंग किती लांब होता?

सांजवेळ

अडीचशे शब्द. पण त्यात तिच्या चपलेचा अंगठाही तुटतो, तो काढला तर शंभर होतील. शनिवारपेठींच्या रिकाम्या फेरीचंही डोक्यात घोळतंय. पण पहिल्यांदाच एकटी गेलेली मुलगी रिकामी फेरी मारणार नाही, ते तिला दुसऱ्या खेपेला सुचेल. त्यामुळे बटाटे आधीच राहू देते.

शनिवारपेठी

हे पटलं. मला ते पंधराव्या वर्षी सुचलं.

अनुराधा_क

आणि भाव नव्वद पैसे पाव करायचा का, ते?

सांजवेळ

करून बघितला. दीड पावाचे एक रुपया पस्तीस, म्हणजे पंधरा पैसे उरतात. मेथीवालीचे दहा धरले तर पंचवीस. पंचवीस पैसे उरले तर तिनं पुन्हा वांग्यांकडे जायला हवं ना?

हिशेबनीस

नव्वद पैशाला २५० ग्रॅम, तर पंचवीस पैशाला सत्तरच्या आत. एक वांगं, फार तर दीड.

तागडी

एकच. आणि ते तोलून मिळणार नाही.